अपडेट आलंय, बसवायचं का?

इंटेलचा प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपवर Device Manager उघडावा, System devices खाली इंटेलच्या नावाने असलेल्या नोंदी एकेक करून पाहाव्यात आणि Driver या टॅबवरची तारीख वाचावी. लॅपटॉप दोन वर्षांपूर्वी घेतलेला असला तरी काही नोंदींपुढे १८ जुलै १९६८ ही तारीख सापडण्याची बरीच शक्यता आहे. त्या साली लॅपटॉप नव्हते, विंडोज नव्हती. त्या दिवशी इंटेल कंपनी स्थापन झाली, एवढंच.

ही चूक नव्हे, मुद्दाम केलेली युक्ती आहे. एका उपकरणाला दोन ड्रायव्हर सारखेच जुळत असतील, तर विंडोज नव्या तारखेचा निवडते. इंटेलच्या या चिपसेट फायलींचं काम बहुतेक वेळा ‘हा अमुक भाग आहे’ अशी ओळख करून देण्यापुरतंच असतं. त्यांनी एखाद्या खऱ्या, खास त्या भागासाठी लिहिलेल्या ड्रायव्हरची जागा बळकावू नये म्हणून त्यांना मुद्दाम इतकी जुनी तारीख दिली आहे. मायक्रोसॉफ्टचंही तसंच. विंडोजसोबत येणाऱ्या ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख असते. लॅपटॉप कंपनीचा ड्रायव्हर आला की तोच वरचढ ठरावा, हा त्यामागचा हेतू.

फुकट मिळणारी ‘ड्रायव्हर अपडेटर’ सॉफ्टवेअर नेमक्या अशाच तारखांवर बोट ठेवून लाल अक्षरांत घाबरवतात आणि मग पैसे मागतात. ती लॅपटॉपवरून काढून टाकलेली बरी. तारीख जुनी आहे यावरून ड्रायव्हर बिघडला आहे, असं काहीच सिद्ध होत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे: हे अपडेट कोणता दोष दुरुस्त करतं, तो दोष या लॅपटॉपमध्ये आहे का, आणि अपडेट बिघडलं तर मागे फिरता येईल का?

या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ड्रायव्हरसाठी एक आहे आणि बायोससाठी दुसरं. ड्रायव्हर म्हणजे वायफाय, आवाज, टचपॅड, ग्राफिक्स अशा भागांशी विंडोजला बोलता यावं म्हणून लिहिलेला प्रोग्राम. तो हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर राहतो. बायोस, म्हणजे आजच्या लॅपटॉपमध्ये यूईएफआय, मदरबोर्डवरच्या एका छोट्या फ्लॅश चिपमध्ये असतं. चिप साधारण १६ किंवा ३२ एमबीची. पॉवरचं बटण दाबल्यावर सगळ्यात आधी जागं होतं ते हेच. मेमरी तपासणं, डिस्क शोधणं, मग विंडोजच्या हाती सूत्रं देणं, हे सगळं त्याचं काम.

ड्रायव्हर बिघडला तर काय होतं हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतो. त्याला वाचायला पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. भारतात काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. गोंधळ मोठा होता, पण एकेका संगणकापुरता इलाज साधा निघाला: सेफ मोडमध्ये सुरू करायचं, ती एक फाइल काढून टाकायची, पुन्हा सुरू करायचं. डिस्कपर्यंत हात पोचतो, म्हणून हे जमतं. बायोसच अर्धवट लिहिलं गेलं तर पडदाच उजळत नाही. मग सेफ मोड कुठला आणि फाइल कुठली!

म्हणून ड्रायव्हरच्या बाबतीत थोडं धाडस चालतं, फक्त हिशेब नीट ठेवावा. समजा, नाशिकमधल्या एका अकाउंटंट बाईंच्या लॅपटॉपवर जीएसटी रिटर्न भरायच्या आठवड्यातच वायफाय दगा द्यायला लागलं आहे. झाकण मिटून पुन्हा उघडलं की वायफायचं चिन्हच गायब. रीस्टार्ट केलं की येतं. घरातला फोन त्याच राउटरवर व्यवस्थित चालतोय. ऑफिसातला कुणी म्हणतो बायोस अपडेट करा, कुणी म्हणतो विंडोज नव्याने टाका.

दोन्हीच्या आधी एक गोष्ट करायची. स्टार्ट मेनूत `perfmon /rel` टाइप केलं की रिलायबिलिटी मॉनिटर उघडतो. गेल्या काही आठवड्यांत काय काय बसलं, काय काय कोसळलं, याचा दिवसागणिक आलेख तिथे असतो. बाईंच्या आलेखात मंगळवारी एक नोंद दिसते: विंडोज अपडेटने इंटेलचा नेटवर्क ड्रायव्हर बसवला. वायफायची तक्रार सुरू झाली बुधवारी. संशयित सापडला, पण अजून तो गुन्हेगार ठरलेला नाही.

आता Device Manager मध्ये Network adapters खालचं वायफाय कार्ड उघडायचं, Driver टॅबवरचा आवृत्ती क्रमांक कागदावर लिहून घ्यायचा आणि Roll Back Driver दाबायचं. आधीचा ड्रायव्हर परत बसतो. ते बटण फिकट दिसत असेल तर विंडोजकडे आधीची प्रत शिल्लक नाही. मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलच्या पानावरून जुनी आवृत्ती उतरवावी लागते. इथे बरेच जण घाई करतात आणि फसतात: वायफायचा ड्रायव्हर आधी काढून टाकला तर नवा उतरवायला नेट राहत नाही. फाइल आधी पेनड्राइव्हवर किंवा लॅपटॉपवर उतरवून ठेवायची, मगच जुनं काढायचं.

यानंतर दोन-तीन दिवस झाकण मिटून-उघडून पाहायचं. वायफाय टिकलं तर दोष नव्या ड्रायव्हरचाच. तेव्हा Settings मध्ये जाऊन विंडोज अपडेट काही आठवडे थांबवायचं, नाहीतर तोच ड्रायव्हर पुन्हा येऊन बसतो. विंडोज ११ मध्ये जास्तीत जास्त पाच आठवडे थांबवता येतं. तेवढ्यात बहुधा पुढची आवृत्ती येते. अपडेट थांबलं की विंडोजची सुरक्षा दुरुस्तीही थांबते, त्यामुळे मुदत संपल्यावर ते पुन्हा चालू करणं आलंच. जुन्या ड्रायव्हरवरही वायफाय जातच राहिलं, तर शोध दुसरीकडे वळवायचा. Power Management टॅबवर वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करायची परवानगी विंडोजला दिलेली असते. ती खूण काढून पाहता येते. त्यानेही फरक पडला नाही तर कार्ड किंवा त्याची अँटेनाची वायर ढिली असू शकते आणि तिथे कुठलंही अपडेट उपयोगाचं नाही.

या सगळ्यात एका वेळी एकच गोष्ट बदलली, हे महत्त्वाचं. बाईंनी त्याच दिवशी ग्राफिक्स, ऑडिओ, चिपसेट आणि बायोस अशी चार अपडेटं एकदम मारली असती, तर वायफाय सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळलं नसतं. नवीन काही बिघडलं असतं तर मागे कुठे फिरायचं हेही कळलं नसतं.

ड्रायव्हर नवा करून खरोखर फायदा होतो असे प्रसंग ओळखू येण्यासारखे असतात. विंडोज १० वरून ११ वर गेल्यावर टचपॅडची बोटांची खूण चालेनाशी झाली. नवा गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगचं नवं सॉफ्टवेअर ग्राफिक्स ड्रायव्हरची ठरावीक आवृत्ती मागतंय. बाहेरचा मॉनिटर जोडला की पडदा लुकलुकतो आणि कंपनीच्या टिपणात नेमकी हीच तक्रार दुरुस्त केल्याचं लिहिलंय. उलट, आवाज, कीबोर्डवरची फंक्शन बटणं, फिंगरप्रिंट हे सगळं नीट चालत असेल तर त्यांच्या ड्रायव्हरला हात लावण्याचं कारण नाही. विंडोज अपडेटमध्ये Optional updates खाली ड्रायव्हरांची यादी दिसते. त्यातलं सगळं ‘घेऊन टाकायचं’ नसतं; अडचण असेल तरच तिथे पाहायचं.

ड्रायव्हर कुठून घ्यायचा यालाही क्रम आहे. पहिली पसंती लॅपटॉप कंपनीच्या साइटला, तीही लॅपटॉपच्या पाठीवरचा सीरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग टाकून. कारण एकाच ऑडिओ चिपचा ड्रायव्हर दोन कंपन्या आपापल्या स्पीकरसाठी वेगळा जुळवून घेतात. चिप बनवणाऱ्याचा थेट ड्रायव्हर बसवला की आवाज येतो, पण पातळ येतो. ग्राफिक्स आणि वायफायला हा नियम थोडा सैल आहे. इंटेल, एनव्हीडिया, एएमडी यांचे थेट ड्रायव्हर लॅपटॉपवर सहसा चालतात आणि लॅपटॉप कंपनीने तो मॉडेल सांभाळणं सोडून दिलं असेल तर तोच एक मार्ग उरतो. विंडोज नव्याने टाकायची असेल तर आधी सगळे चालू ड्रायव्हर जपून ठेवता येतात. डी ड्राइव्हवर drivers नावाचा फोल्डर करून, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीत एक आज्ञा द्यायची:

```
pnputil /export-driver * D:\drivers
```

मात्र विंडोज टाकताना पुसली न जाणारी जागा निवडावी. पेनड्राइव्ह सगळ्यात बरा.

बायोसकडे वळलं की पारडं बदलतं. इथे ‘जे चाललंय ते चालू द्या’ हा सल्ला दुकानदारापासून इंजिनीअरपर्यंत सगळे देतात आणि बहुतेक वेळा तो बरोबरही ठरतो. पण काही वेळा थांबणंच महागात पडतं. लेनोव्होच्या थिंकपॅडचं उदाहरण घ्या.

२०१७ ते २०१९ दरम्यानच्या बऱ्याच थिंकपॅडमध्ये, त्यात टी४८० आणि एक्स१ कार्बनसारखे लोकप्रिय मॉडेलही आले, टाइप-सी पोर्टमागे इंटेलचा थंडरबोल्ट कंट्रोलर होता. त्या कंट्रोलरचं स्वतःचं वेगळं फर्मवेअर असतं आणि त्याच्या सुरुवातीच्या आवृत्तीत दोष होता. लॅपटॉप वापरता वापरता एक दिवस टाइप-सी पोर्ट मरायचा. डॉक ओळखला जात नसे, टाइप-सी चार्जरने बॅटरी चार्ज होत नसे, काही मॉडेलवर एचडीएमआयही बंद पडे, तर काही वेळा लॅपटॉप सुरू होतानाच थंडरबोल्टची चूक दाखवून अडकून बसे. लेनोव्होने या मॉडेलसाठी नवं फर्मवेअर काढलं आणि ते ‘क्रिटिकल’ ठरवलं.

यातली मेख अशी की ते अपडेट पोर्ट चांगला चालू असतानाच बसवायचं होतं. पोर्ट मेल्यावर अनेकांना मदरबोर्ड बदलून घ्यावा लागला. ‘काही बिघडलेलं नाही, मग कशाला छेडा’ हे तत्त्व ज्यांनी प्रामाणिकपणे पाळलं, त्यांचंच नुकसान झालं. आजही जुन्या बाजारातून असा थिंकपॅड घेणाऱ्याने पहिल्या दिवशी मॉडेलच्या पानावर जाऊन थंडरबोल्ट फर्मवेअरची आवृत्ती तपासलेली बरी. आपल्याकडे कंपन्यांनी काढून टाकलेले हे लॅपटॉप मोठ्या संख्येने विकले जातात आणि विकणारा ही तपासणी करतोच असं नाही.

दुसऱ्या बाजूचा धडा जानेवारी २०१८ मधला. ३ जानेवारीला प्रोसेसरमधले मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष जाहीर झाले आणि जगभर घबराट उडाली. इंटेलने प्रोसेसरसाठी नवा मायक्रोकोड दिला. लॅपटॉप कंपन्यांनी तो बायोस अपडेटमध्ये घालून तातडीने बाहेर काढला. ज्यांनी लगेच बसवला त्यांच्यातल्या काहींचे संगणक आपोआप रीस्टार्ट होऊ लागले, विशेषतः हॅसवेल आणि ब्रॉडवेल या पिढ्यांचे. २२ जानेवारीला इंटेलनेच सांगितलं की ही आवृत्ती बसवणं थांबवा. डेल, एचपी, लेनोव्हो यांनी ती बायोस अपडेटं मागे घेतली. महिनाअखेरीस मायक्रोसॉफ्टने एक वेगळं अपडेट काढलं. त्याचं काम आधीच्या दुरुस्तीचा एक भाग बंद करणं, एवढंच होतं. सुधारलेला मायक्रोकोड फेब्रुवारीपासून टप्प्याटप्प्याने आला.

म्हणजे जे लोक तीन-चार आठवडे थांबले त्यांना काही न करता चांगली आवृत्ती मिळाली. घाईत लिहिलेल्या फर्मवेअरसाठी हा अंतराचा नियम घरगुती वापरात अजूनही लागू पडतो. अपडेट गंभीर धोक्याचं असलं तरी प्रसिद्ध झाल्यापासून दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत, आणि ती आवृत्ती कंपनीच्या पानावरून गुपचूप नाहीशी झाली का ते पाहावं. नाहीशी झाली असेल तर कारण विचारायची गरज नाही.

काही अपडेट काही तरी काढूनही घेतात. डिसेंबर २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ नावाचा दोष उघड झाला. प्रोसेसरचं व्होल्टेज सॉफ्टवेअरने कमी-जास्त करून त्यातली गुपितं फोडता येत होती. उपाय म्हणून पुढच्या बायोसमध्ये व्होल्टेजला कुलूप लागलं. त्यामुळे थ्रॉटलस्टॉपसारख्या साधनाने व्होल्टेज किंचित कमी करून लॅपटॉप थंड ठेवणाऱ्या हौशी मंडळींची सोय एका अपडेटसरशी गेली. परत जुनं बायोस बसवू म्हटलं तर अनेक मॉडेल नकार देतात; सुरक्षेसाठी मागची आवृत्ती घ्यायचीच नाही अशी तरतूद त्यांत असते.

मग एखाद्या लॅपटॉपसाठी निर्णय कसा घ्यायचा? `msinfo32` उघडलं की BIOS Version/Date या ओळीत आत्ताची आवृत्ती दिसते. कंपनीच्या पानावर तिच्यापुढे आलेल्या प्रत्येक आवृत्तीचं टिपण वाचायचं, फक्त शेवटच्या नव्हे. डेल आपल्या अपडेटवर ‘अर्जंट’, ‘रेकमेंडेड’, ‘ऑप्शनल’ असा शिक्का मारते. लेनोव्होची प्रतवारीही तशीच. टिपणात पंखा सतत फिरणं, चार्जिंग मध्येच थांबणं, झोपेतून न उठणं असं आपलंच दुखणं लिहिलेलं असेल तर अपडेट घ्यावं. सुरक्षेची गंभीर दुरुस्ती असेल तर थोडं थांबून घ्यावं. दुसऱ्या भाषेतली अक्षरं दुरुस्त केली, एखादा नवा प्रोसेसर ओळखायला शिकलो, एवढंच असेल तर सोडून द्यावं. पाच-सहा वर्षांचा, बॅटरी मेलेला, फक्त टायपिंगला वापरला जाणारा लॅपटॉप असेल तर त्याला हात न लावलेलाच चांगला.

सध्या एक कारण मात्र बऱ्याच लॅपटॉपना लागू होतं. सिक्युअर बूटसाठी मायक्रोसॉफ्टची २०११ सालची प्रमाणपत्रं बायोसमध्ये साठवलेली असतात आणि त्यांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते. नवी, २०२३ ची प्रमाणपत्रं विंडोज अपडेटमधून येतात, पण काही मॉडेलना त्याआधी कंपनीचं नवं बायोस लागतं. मुदत संपली म्हणून लॅपटॉप बंद पडणार नाही. फक्त सुरू होण्याच्या टप्प्यातल्या पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या त्याला मिळणार नाहीत. आपल्या मॉडेलसाठी कंपनीने याबद्दल वेगळी सूचना दिली असेल तर ती पाळण्याजोगी आहे.

बायोस बसवायचं ठरलं की पहिलं काम लॅपटॉपवरचं नाही, फोनवरचं. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर, अगदी होम आवृत्तीतही, डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. बायोस बदललं की लॅपटॉपला वाटतं कुणीतरी छेडछाड केली आणि तो ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती सहसा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते; `aka.ms/myrecoverykey` या पत्त्यावर फोनवरून लॉगिन करून ती दिसते का हे आधी बघायचं आणि वहीत उतरवून घ्यायची. खात्याचा पासवर्ड आठवत नसेल तर बायोस तूर्तास राहू द्या, आधी पासवर्ड. की नसेल तर बायोस ठणठणीत बसूनही आतले फोटो आणि फायली कायमच्या जातात, आणि बायोस अपडेटमधली घरगुती हानी बऱ्याचदा अशीच होते.

बाकीची तयारी सोपी. बॅटरी निम्म्याहून जास्त, चार्जर लावलेला. लॅपटॉपला बॅटरी असल्यामुळे मध्येच वीज गेली तरी डेस्कटॉपसारखी धास्ती नसते; बॅटरीच मेलेली असेल तर मात्र बहुतेक अपडेट सुरूच होत नाहीत, आणि ते योग्यच आहे. फाइल नेमक्या मॉडेलचीच हवी. खूप जुन्या बायोसवरून थेट नव्यावर उडी मारता येत नाही, मधली एखादी पायरी घ्यावी लागते. टिपणात तसं लिहिलेलं असतं.

मग धीर. पडदा काही मिनिटं काळा राहतो, पंखा एकदम जोरात सुटतो, लॅपटॉप दोन-तीनदा आपोआप बंद-चालू होतो. नव्या बायोसनंतरच्या पहिल्या वेळी मेमरीची तपासणी नव्याने होते, तिला वेळ लागतो. याच वेळी ‘हँग झाला’ समजून पॉवरचं बटण दाबून धरणारे लोक चांगलं चाललेलं अपडेट मोडतात. अर्धा तास तरी हात लावू नये.

अर्ध्या-पाऊण तासानेही काही हललं नाही तरी आशा संपत नाही. डेलच्या अनेक लॅपटॉपवर बंद अवस्थेत कंट्रोल आणि एस्केप दाबून धरून चार्जर जोडला की बायोस रिकव्हरीचा पडदा येतो. एचपीवर विंडोज आणि बी ही बटणं धरून पॉवरचं बटण दोन-तीन सेकंद दाबायचं. हे दोन्ही प्रयोग डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर बायोसची प्रत असेल तरच यशस्वी होतात.

त्यानेही नाही झालं तर दुरुस्तीचं दुकान. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि आता बहुतेक जिल्ह्यांच्या गावी असे कारागीर आहेत की जे मदरबोर्डवरची आठ पायांची बायोस चिप चिमट्याने पकडून किंवा उकलून काढून सीएच३४१ए सारख्या स्वस्त प्रोग्रामरवर पुन्हा लिहितात. काम तसं छोटं आहे; तोटा होतो तो अर्धवट केल्याने. चिपमध्ये बायोससोबत त्या लॅपटॉपचा सीरियल नंबर आणि बऱ्याचदा विंडोजच्या लायसन्सची कीसुद्धा असते. दुसऱ्या लॅपटॉपची फाइल जशीच्या तशी उतरवली की लॅपटॉप सुरू होतो, पण सीरियल नंबर परका दिसतो, वॉरंटी तपासताना घोळ होतो आणि विंडोज अॅक्टिव्हेट राहत नाही. म्हणून चिपला हात लावण्याआधी जुन्या चिपची प्रत काढून पेनड्राइव्हवर घ्यायला कारागिराला सांगावं, आणि बिल देण्याआधी `msinfo32` मध्ये मॉडेलचं नाव, तर बायोसच्या पडद्यावर सीरियल नंबर लॅपटॉपच्या पाठीवरच्या लेबलशी जुळवून पाहावा.